कॅल्गरीत आल्यापासून तोंडाची सालं निघतायत, ओठ फुटलेत – काय लावू? बजेट ३० डॉलर

विश्रामबागची_मुक्ता:
नमस्कार मंडळी, मी सांगलीची, नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑक्टोबरपासून कॅल्गरीत आहे. सांगलीत हिवाळ्यात आईनं बाटलीत करून दिलेलं ग्लिसरीन-गुलाबपाणी लावलं की काम भागायचं, तेच इकडं आणलंय. पण इथं लावल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं आणि अर्ध्या तासात चेहरा असा ताणतो की हसायला नको वाटतं. सकाळी क्रीम लावते, वरून थोडी पावडर लावली की नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर पापुद्रे उभे राहतात, रंगही राखेसारखा दिसतो. खालच्या ओठाखाली तपकिरी पट्टा आलाय. बाहेर उणे २०, घरात हीटर चोवीस तास. फेसवॉश सांगलीचाच आहे, कडुनिंबाचा, फेस येणारा. एकूण ३० डॉलरच्या आत काय घेऊ? प्लीज महागडं सांगू नका, अजून माझी नोकरी नाही.

साताऱ्याच्या_काकू:
अगं सांगलीची पोरगी आणि हळद विसरलीस? बेसन, साय आणि चिमूटभर हळद, आठवड्यातून तीनदा चोळून लाव, सगळी सालं निघून जातील. ओठांना रात्री साजूक तूप आणि बेंबीत तेलाचे दोन थेंब. आमचं माहेर महाबळेश्वरचं, वेण्णा लेकवर दवबिंदू गोठायचे तरी आम्ही कधी क्रीम बघितली नाही. हल्लीच्या मुलींना सगळं डब्यातलं लागतं.

मिरज_टू_म्युनिक:
ग्लिसरीन सोडा हो, ते आजीच्या काळातलं. मी हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं सीरम वापरते, इथल्या फार्मसीत ६० युरोला मिळतं, त्यावर त्याच कंपनीचं नाइट क्रीम आणि डोळ्यांखालचं वेगळं. ऑफिसात सगळे विचारतात काय लावतेस म्हणून. त्वचेवर पैसे वाचवू नयेत असं माझं मत.

विश्रामबागची_मुक्ता:
ताई, बजेट ३० डॉलर आहे 🙂

मिरज_टू_म्युनिक:
हो गं, सेलमध्ये ५० ला पण मिळतं.

इस्लामपूरचा_पैलवान:
काय राव एवढा विचार. व्हॅसलिनचा डबा घ्या आन फासा. आन पाणी प्या दिवसाला चार-पाच लिटर, आतनं ओलं राहिलं की बाहेरनं आपोआप. आमच्यात ऊसतोडीला थंडीत माणसं पहाटे जात्यात, कुणाचं तोंड फुटलंय का बघा.

वाईकर_दुबईत:
सेम प्रॉब्लेम. दुबईत एसीमुळे माझे केस गळायला लागले. शॉवरला फिल्टर लावला, तीनशे दिरहम गेले, पण फरक आहे. कॅल्गरीचं पाणी पण जड असतं असं ऐकलंय, आधी फिल्टर घ्या.

कराडचा_औषधवाला:
मी विनिपेगला फार्मसीत काम करतो, इथं पहिल्या हिवाळ्यात आलेली आपली माणसं रोज काउंटरवर भेटतात, म्हणून जरा लांबण लावतो.

मुक्ताताई, ग्लिसरीन वाईट नाही, हवा वेगळी आहे. उणे २० ची हवा घरात येऊन २१ डिग्रीला तापली की तिची आर्द्रता चार-पाच टक्क्यांवर येते. स्वयंपाक, आंघोळ यामुळं घरात ती थोडी चढते, पण पंधरा-वीसच्या वर क्वचित. ग्लिसरीनचं काम पाणी ओढून धरायचं. सांगलीत ते हवेतनंही थोडं मिळतं. इथं हवेतच नाही, मग ते कातडीच्या आतल्या थरातनं वर ओढतं आणि ते पाणी हीटरच्या हवेत उडून जातं. पाच मिनिटं बरं आणि मग ताण, ते यामुळं. म्युनिकवाल्या ताईंचं सीरमही त्याच जातीचं आहे, साठ युरोचं असलं तरी. वर झाकण नसेल तर तेही तसंच वागणार.

पैलवान म्हणतायत ते व्हॅसलिन म्हणजे हे झाकण. पण कोरड्या चेहऱ्यावर फासलं तर कोरडेपणाच झाकला जातो, रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. आधी खाली पाणी पाहिजे.

म्हणून असं करा. कडुनिंबाचा फेसवॉश बंद, फेस जितका जास्त तितकी चरबी जास्त धुतली जाते आणि पाणी धरून ठेवायचं काम तीच चरबी करते. सकाळी नुसतं कोमट पाणी. रात्री फेस न येणारं, दुधासारखं क्लेंझर, तेही मिनिटभरच. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं, चेहरा दमट राहिला पाहिजे. दोन-तीन मिनिटांच्या आत सिरामाइड, म्हणजे कातडीतल्याच जातीची चरबी, असलेलं, बिनवासाचं, डब्यातलं घट्ट क्रीम लावा, पंपातल्या पातळ लोशननं इथं भागत नाही. आईचं ग्लिसरीन-गुलाबपाणी वाया घालवायचं नसेल तर या क्रीमच्या खाली दोन थेंब चालेल, पण गुलाबपाण्यात सुगंध घातलेला असेल आणि आग होत असेल तर नको. शेवटी मुगाच्या दाण्याएवढं व्हॅसलिन तळहातावर चोळून गालांवर, हनुवटीवर, नाकाच्या बाजूला नुसतं दाबायचं. चमकतं म्हणून फक्त रात्री.

काकू, राग मानू नका, पण बेसन चोळणं सध्या अजिबात नको. ती सालं मळ नाहीत, कातडीचा वरचा थर नीट सुटत नाही म्हणून उभा राहिलाय. तो ओरबाडला की खालचं कच्चं कातडं उघडं पडतं आणि दोन दिवसांनी दुप्पट सालं.

पाणी प्या, पण तहानेपुरतं. लिटरनं प्यायलेलं तोंडाच्या कातडीपर्यंत पोचत नाही.

वाईकर_दुबईत:
आणि फिल्टर?

कराडचा_औषधवाला:
कॅल्गरीचं पाणी जड आहे, खरंय. पण शॉवरला लावायचे बहुतेक फिल्टर क्लोरीन कमी करतात, पाण्याचा जडपणा नाही. ते पैसे क्रीमला घाला. केसांचं मला माहीत नाही.

मिरज_टू_म्युनिक:
माझ्या डर्मॅटॉलॉजिस्टनंच सीरम दिलंय, काउंटरवरच्या सल्ल्यापेक्षा मी तिच्यावर विश्वास ठेवीन. आणि पेट्रोलियम चेहऱ्यावर? पोअर्स बंद होतात त्यानं.

कराडचा_औषधवाला:
सीरमला वाईट म्हटलं नाही, वर क्रीम लावा म्हटलं, तुम्ही नाइट क्रीम लावताच की. औषधी दर्जाचं पेट्रोलियम जेली पोअर्स बंद करत नाही. मुरमांची कातडी असेल तर चिकटपणानं नकोसं होतं, तो वेगळा मुद्दा.

इस्लामपूरचा_पैलवान:
म्हणजे मी म्हणलो तेच. व्हॅसलिन.

साताऱ्याच्या_काकू:
बेसनानं आमची चार पोरं न्हाली-धुतली, कुणाचं कच्चं कातडं उघडं पडलं नाही. असो. तूप तरी चालेल ना?

कराडचा_औषधवाला:
ओठांवर तूप चालेल काकू. टिकत नाही फार, आणि वास आला की जीभ जाते, तो खरा घोळ. मुक्ताताई, ओठाखालच्या तपकिरी पट्ट्यावरनं मला वाटतं तुम्ही ओठ चाटताय. लाळ सुकली की ओठ आणखी ओढला जातो आणि लाळेतली पाचक द्रव्यं बाजूची कातडी जाळतात, आपल्या रंगाच्या कातडीवर त्याचा काळसर डाग राहतो. पुदिना, दालचिनी, मेंथॉल, कापूर, फळाच्या चवीचं लिपबाम असेल तर तेही बाजूला ठेवा, गार वाटतं पण चुरचुरतं आणि परत चाटायला होतं. साधं व्हॅसलिन, जेवल्यावर आणि झोपताना, आणि ओठाच्या कडेबाहेर त्या पट्ट्यावरही. पट्टा जायला महिने लागतील, घाई करून लिंबू वगैरे लावू नका.

अजून दोन गोष्टी सांगा. भुवयांत सालं आहेत का, पिवळसर चिकट? आणि डोक्यात कोंडा?

विश्रामबागची_मुक्ता:
नवरा म्हणतोय, कॉम्प्युटरसमोर बसले की सारखी जीभ ओठावर असते 🙈 लिपबाम पुदिन्याचंच आहे. शेजारणीकडून आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं, घरात १४ टक्के! कोंडा थोडा आहे, नेहमीचाच. भुवयांत डाव्या बाजूला आहे थोडं, पिवळसर आहे का ते नीट कळत नाही. मी तिथं खोबरेल लावत होते.

कराडचा_औषधवाला:
भुवया, नाकाच्या खाचा आणि डोकं हे तिन्ही एकत्र असलं तर तो नुसता कोरडेपणा नसेलही. कोंड्याचंच भावंड असतं ते, तिथं राहणारं यीस्ट तेलावर पोसतं, म्हणून खोबरेल तिथं नको. ओळख अशी की गालावरची सालं पांढरी, भुशासारखी असतात आणि क्रीमनं आठवड्याभरात बसतात. खाचेतली तेलकट, खाली लालसर, खाजरी, आणि क्रीम लावूनही परत येतात. गाल सुधारले आणि भुवया तशाच राहिल्या तर फार्मसीत नेऊन दाखवा, तुमच्या अल्बर्टा प्रांतात बऱ्याच फार्मासिस्टना औषध लिहून द्यायचा अधिकार आहे. ते केटोकोनॅझोल हे यीस्टवरचं औषध देतील किंवा डॉक्टरकडे पाठवतील. फोटोवरनं मी सांगणार नाही.

१४ टक्के फारच कमी. ह्युमिडिफायर घेतलात तर ३० च्या वर नेऊ नका, उणे २० ला खिडकीवर पाणी साचून बर्फ होतो आणि मग चौकटीला बुरशी. नाहीतर धुतलेले कपडे रात्री बेडरूममध्ये वाळत घाला, तेवढ्यानंही फरक पडतो.

सांगली_भडंग_फॅन:
कॅल्गरीत भडंग मिळतं का कुणाला? विषय वेगळा आहे माहीत आहे.

विश्रामबागची_मुक्ता:
भडंग नाही मिळत, मीच येताना आणलेलं संपलं.

अपडेट: तीन आठवडे झाले. फेसवॉश बंद केला, दमट चेहऱ्यावर क्रीम लावते, डबा २२ डॉलरला मिळाला. गाल जवळजवळ बसलेत, पावडर लावली तरी पापुद्रे दिसत नाहीत. पण व्हॅसलिन काही जमलं नाही, उशीला चिकटतं आणि मला झोप येत नाही. सावंतवाडीच्या मावशीनं कोकमाच्या तेलाचा गोळा पाठवला होता, तळहातावर वितळवून तेच लावतेय गालांना आणि ओठांना. वास नाही म्हणून जीभही जात नाही. ह्युमिडिफायर घेतला नाही, कपडे वाळत घालते, आर्द्रता २१ पर्यंत जाते. भुवई आहे तशीच आहे.

कराडचा_औषधवाला:
कोकमाचं तेल व्हॅसलिनएवढं पाणी अडवत नाही, पण रोज लावाल ते बरं. भुवईवर ते लावू नका आणि तिथलं दाखवून या, पुढं ढकलू नका. आणि बर्फावरनं ऊन वर फेकलं जातं, त्या पट्ट्यावर दिवसा सनस्क्रीन लावा.

मिरज_टू_म्युनिक:
कोकम?? बरं. माझं सीरम परत सेलला लागलंय, कुणाला हवं असेल तर सांगा.

साताऱ्याच्या_काकू:
बघितलंत, शेवटी घरचंच कामाला आलं.

तासगावचा_राजू:
सगळं वाचलं नाही पण खोबरेल तेल लावा, भुवयांना पण. आमच्याकडं सगळे तेच लावतात.