मदत हवी आहे: १४० ला पडणारा टॉवेल १२५ ने द्यावा का?

अक्कलकोट_रोड: सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग महिन्याला १०,००० नग काढू शकतात, पण सध्या खप ७,००० चाच आहे. व्यापाऱ्यांना १५० ने देतो. सूत, रंगाई, नगावरची मजुरी, वीज आणि पॅकिंग धरून नगामागे ११५ लागतात. भाडे, पगार, हप्ते मिळून महिन्याचे १,७५,००० वेगळे, म्हणजे नगाला २५. आता एक हॉटेलवाला ४,००० नग मागतोय, भाव १२५, पैसे ९० दिवसांनी. बाबा म्हणतात, नगाला १५ चा तोटा घेऊन धंदा करतात का?

सूतगिरणीकर: बाबांचं चुकतंय. भाडं ऑर्डर घेतली काय, न घेतली काय, द्यायचंच आहे. ११५ च्या वर मिळालं की घ्यायचं. ४,००० गुणिले १० म्हणजे ४०,००० सुटले.

ताळेबंद_काका: थांबा, मोकळी जागा ३,००० चीच आहे ना? उरलेले १,००० नेहमीच्या गिऱ्हाइकाचे कापावे लागतील आणि तिथे नगाला ३५ सुटतात. ४०,००० मधून ३५,००० गेले, हातात ५,०००. हॉटेलचं नाव विणून हवंय का?

अक्कलकोट_रोड: हो काका, जॅकार्डवर. कार्ड आणि माग बसवणं मिळून ८,००० सांगितलेत.

ताळेबंद_काका: मग ३,००० चा तोटाच. त्यापेक्षा माल दोन महिन्यांत, दोन-दोन हजार करून द्या. नेहमीच्या मालाला हात लागत नाही आणि ८,००० जाऊनही ३२,००० उरतात. मात्र ४,६०,००० अडकणार. सीसीवर १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज १३,८०० होतं, तेही वजा करा. आणि मोकळे ३,००० मागावरचे सांगताय, शिलाईचं काय? तिथे ओव्हरटाइम लागला तर ११५ चे १२० व्हायला वेळ लागत नाही.

भिवंडी_ग्रे: जीएसटी धरून १२५ का? आमच्याकडे गेल्या वर्षी एकाने असंच कमी भावात ग्रे कापड दिलं. दुसऱ्या महिन्यात जुने व्यापारी तोच भाव मागायला दारात.

अक्कलकोट_रोड: जीएसटी वेगळा. शिलाईला आताच संध्याकाळी सातपर्यंत बसतात, हे मी धरलंच नव्हतं.

सूतगिरणीकर: हॉटेलचं नाव विणलेला माल बाजारात येणार कुठून? भावाची भीती नको.

भिवंडी_ग्रे: माल येत नाही हो, बातमी येते. रंगाईवाला एकच असतो सगळ्यांचा.

ताळेबंद_काका: त्याचा आकडा मला मांडता येणार नाही. शिलाईचा भाव काढा, ४५ दिवसांत पैसे मागून बघा. उद्यम नोंदणी असेल तर तसं म्हणायला आधारही आहे. बाकी, तुमचे ७,००० पुढचे दोन महिने तेवढेच राहणार हे नक्की का?

अक्कलकोट_रोड: दिवाळी तोंडावर आहे काका, तिथेच अडलंय.