शब्दचर्चा : जेवणानंतरच्या ‘ब्राखा’ला आशीर्वाद म्हणावे काय?

तळटीप : सध्या मी ज्यूंच्या खाद्यपरंपरेवरील एका लेखसंग्रहाचे मराठी भाषांतर करीत आहे. त्यात जेवणानंतर म्हणावयाच्या ‘बिरकत हमाज़ोन’ या प्रार्थनेचा उल्लेख आला, तेव्हा मी लिहिले : “भरपेट जेवण झाल्यावर ज्यू लोक चार आशीर्वाद म्हणतात.” संपादकांनी ‘आशीर्वाद’ खाली लाल रेघ ओढली आणि समासात विचारले, “कोण कोणाला आशीर्वाद देतो?” प्रश्न रास्त आहे, कारण या वचनांत, म्हणजे हिब्रूतल्या ‘ब्राखां’त, ‘बारूख अता’ असे शब्द येतात आणि त्यातला ‘तू’ म्हणजे देव. माणसाने देवाला आशीर्वाद देणे मराठीत चमत्कारिक वाटते. पर्याय सुचवावा, आणि ही चारही वचने नेमकी कशासाठी आहेत हे कोणी एकेका ओळीत सांगू शकल्यास फार उपकार होतील.

वाटाड्या : यात अडण्यासारखे काय आहे? आपल्याकडे ‘वदनी कवळ घेता’ म्हणतात, तसेच हे. ‘भोजनश्लोक’ म्हणा आणि पुढे चला.

तळटीप : ‘वदनी कवळ’ घास घेण्यापूर्वीचे आहे. हे जेवण उरकल्यावरचे आहे आणि त्याचा आधारच ‘जेवशील, तृप्त होशील आणि मग’ अशा क्रमाचा आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले दहावे वचन पाहावे.

सदाशिव : मराठी पवित्र शास्त्रात या क्रियापदासाठी ‘धन्यवाद करणे’ रूढ आहे. एकशे तिसऱ्या स्तोत्रातले ‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर’ अनेकांना पाठ असेल. तेव्हा ‘चार धन्यवाद’ म्हणण्यास हरकत नसावी.

बोरूबहाद्दर : माझी सक्त हरकत आहे. ‘धन्यवाद’ हा आता सभेच्या शेवटी उरकायचा शब्द झाला असून ‘आभार’ या आपल्या शब्दाला त्याने घरातून हाकलले आहे. ‘चार धन्यवाद’ वाचले की सूत्रसंचालक ध्वनिक्षेपकवाल्याचे नाव घेतो आहे असे वाटते. ‘स्तवन’ हा शुद्ध शब्द असताना दुसरे कशाला हवे?

सदाशिव : जुन्या मराठीत ‘धन्यवाद’ म्हणजे ‘धन्य’ असे म्हणणे, साधुवाद. ‘बारूख अता’ म्हणजे ‘तू धन्य आहेस’. हे आभारप्रदर्शन नव्हे, उद्गार आहे. सभांमध्ये शब्द झिजला, यात शब्दाचा काय दोष?

रेवदंडा : मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातली. आजी रेवदंड्याची आणि मी आता इस्राएलमध्ये अशदोदला असते. आमच्या घरी ‘आशीर्वाद’, ‘स्तवन’, ‘धन्यवाद’ यांपैकी काहीच कोणी म्हणत नसे; ‘बिरकत म्हटली का?’ एवढेच विचारीत. लहानपणी मला तो शब्द ‘बरकत’च वाटे आणि बिरकत म्हटली नाही तर डब्यातले पीठ संपेल अशी माझी पक्की समजूत होती.

बोरूबहाद्दर : पाहा, मूळ सापडले! बिरकत हीच बरकत. आमच्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. तोच भाव. म्हणजे शब्द मुळात समृद्धीचा आहे, आणि ‘लाभवचन’ हा उत्तम मराठी प्रतिशब्द होईल.

एलियाहूचाप्याला : ‘बरकत’ आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला आणि हिब्रू ‘ब्राखा’ हा त्याच धातूचा भाऊबंद आहे, इथपर्यंत बरोबर. पण भाऊबंद म्हणजे तोच माणूस नव्हे. ‘लाभवचन’ म्हटले की मागणे आले, आणि या चारांपैकी पहिल्या दोहोंचा भर मागण्यावर नाही. नावाआधी कामे पाहू.

पहिले वचन सर्वांना पोसणाऱ्याचे आहे. त्यात इस्राएलचे नावही येत नाही. जे जे जिवंत आहे त्या सगळ्यांच्या पोटाची गोष्ट आहे, आणि रानात मान्ना पडू लागला तेव्हा मोशेने ते म्हटले असे तालमूद, म्हणजे ज्यू पंडितांच्या चर्चांचा जुना ग्रंथ, सांगते. दुसरे भूमीचे असून ते यहोशवाच्या नावावर आहे, कारण लोक देशात शिरले आणि अन्न आकाशातून पडायचे थांबून शेतातून येऊ लागले. त्यात भूमीबरोबर सुंतेचा करार आणि तोरा, म्हणजे मोशेचे धर्मशास्त्र, यांचाही उल्लेख करावाच लागतो. तिसरे यरुशलेमचे, दावीद आणि शलमोन यांच्या नावावरचे. चौथे ‘जो भला आहे आणि भले करतो’ त्याचे. त्याची कथा निराळी आहे.

सदाशिव : चौथे इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, त्या दुःखातून आले ना?

एलियाहूचाप्याला : जवळ पोहोचलात, पण घटना दुसरी. मंदिराचे दुःख तिसऱ्यात आहे. शलमोनाच्या काळी मंदिर उभे होते, तेव्हा ‘पुन्हा बांध’ असे कोण म्हणेल? त्यामुळे आजचे मागणे नंतरचे आहे आणि पूर्वी तिथे ‘हे असेच टिकू दे’ अशा अर्थाचे शब्द असावेत, असे जुने भाष्यकारही मानतात. चौथे वचन बेतारचे. बार कोखबाचे बंड 135 साली तिथे मोडले आणि रोमनांनी मेलेल्यांना मूठमाती देऊ दिली नाही. पुढे परवानगी मिळाली, तेव्हा यावने येथील पंडितांनी हे वचन घातले, असे तालमूद सांगते. देव ‘भला’, कारण प्रेते कुजली नाहीत. ‘भले करणारा’, कारण त्यांना माती मिळाली. भाकरीसाठी आभार मानता मानता माणूस एकदम न पुरलेल्या प्रेतांपाशी येऊन उभा राहतो. मला तरी या ठिकाणी ‘लाभवचन’ लिहिणे जमणार नाही.

वाटाड्या : म्हणजे चौथे नंतर चिकटवलेले. मग ते सोडले तरी चालत असेल.

एलियाहूचाप्याला : सोडत नाहीत, पण तुमची शंका दीड हजार वर्षांपूर्वीची आहे. पहिली तीन तोराच्या आज्ञेतली आणि चौथे पंडितांनी घातलेले, हा भेद तालमूद पाळते. एरवी माणूस दुसऱ्याच्या वचनाला ‘आमेन’ म्हणतो, पण इथे तिसरे संपले की स्वतःच्याच वचनाला आमेन म्हणायचे असते. तालमुदातले एक पंडित अब्बाये हे आमेन मोठ्याने म्हणत, म्हणजे मजुरांना ऐकू जावे आणि त्यांनी उठून कामाला लागावे. ‘रव अशी’ नावाचे दुसरे पंडित तेच हळू म्हणत, म्हणजे मजुरांनी चौथ्याला हलके लेखू नये. जेवण हीच ज्यांची मजुरी नव्हती अशा मजुरांना तर आणखी सूट होती. पहिले पूर्ण म्हणायचे, दुसऱ्यातच यरुशलेम गुंफून तिसरे उरकायचे आणि चौथे गाळायचे, कारण वेळ मालकाचा.

रेवदंडा : त्या आमेनवर आमच्या घरी एक रात्र अडली होती. शब्बाथ या साप्ताहिक विश्रांतिदिवसाच्या जेवणात तिसऱ्या वचनात ‘रेत्से’ हा जादा मजकूर घालावा लागतो. शुक्रवारी रात्री आजोबा तो विसरले. आमेन म्हणताच आठवला असता, तर तिथेच एक छोटे जादा वचन म्हणून भागले असते. पण ते चौथ्यात शिरले होते, मग थांबले आणि पहिल्या शब्दापासून सगळे पुन्हा सुरू केले. आम्ही मुले पाटावर बसल्या बसल्या पेंगत होतो आणि आजी ताटे उचलायला टेकली ती तशीच टेकून राहिली. चौथे म्हणजे उंबरठ्यापलीकडची खोली, हे मला तेव्हा कळले.

तळटीप : हे मी पुस्तकात घालू शकत नाही याचे वाईट वाटते. पण संपादकांची दुसरी रेघ ‘भरपेट’ खाली आहे. निदान ते तरी बरोबर ना?

रेवदंडा : तिथे तर माझी मोठीच तक्रार आहे. आमचे जेवण म्हणजे भात, नारळाच्या रसातली मासळी आणि तांदळाची भाकरी. पोट तुडुंब भरले तरी त्यावर ही चार वचने लागत नाहीत. आजी शुक्रवारी गव्हाची पोळी मुद्दाम करायची आणि प्रत्येकाच्या ताटात तिचा तुकडा वाढायची. तो खाल्ला की बिरकत लागू.

वाटाड्या : भाकरीही भाकर नव्हे? कोकणात बसून हे ऐकवत नाही.

एलियाहूचाप्याला : गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट नावाचा गव्हाचाच एक जुना प्रकार, या पाच धान्यांचीच भाकर इथे भाकर धरतात. तांदूळ त्यात नाही, ज्वारी-बाजरीही नाही. भातानंतर म्हणावयाचे वचन वेगळे आणि अगदी छोटे आहे. उलट पाचांपैकी एखाद्याची भाकर ऑलिव्हच्या फळाएवढी खाल्ली तरी पंडितांच्या मते चारही म्हणावीत. देवानेच ‘तृप्त झाल्यावर’ म्हटले असताना हे लोक एवढ्याशा तुकड्यावरही म्हणतात, म्हणून मी त्यांच्यावर मेहेरनजर का करू नये, असे देवाच्या तोंडी तालमुदात आले आहे. तेव्हा ‘भरपेट’ दोन्ही बाजूंनी चुकते.

बोरूबहाद्दर : मग ‘पोळी-भाकरीचे जेवण’ म्हणा.

रेवदंडा : भाकरी नको, एवढे आताच सांगितले ना!

सदाशिव : मला एक सुचते. आपल्याकडे पंगतीतून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात. ते जेवणानंतरचे आहे आणि तो खरोखर आशीर्वाद आहे. त्याच्याशी तुलना केली तर वाचकाला चटकन कळेल.

एलियाहूचाप्याला : तुलना चांगली आहे, पण जागा चुकली. चार वचने संपल्यावर ‘हाराहमान’, म्हणजे ‘तो दयाळू’ अशा सुरुवातीच्या ओळींची एक माळ येते आणि त्या भागात पाहुणा यजमानासाठी मागतो, की याला इहलोकी खाली पाहावे लागू नये. तुमचे ‘अन्नदाता सुखी भव’ तिथे बसते. म्हणजे तळटीपबाईंचा ‘आशीर्वाद’ सर्वस्वी चूक नव्हता, तो चार वचनांच्या पलीकडे पडला होता.

बोरूबहाद्दर : तरीही चारांना ‘स्तवन’ म्हणावे, हे माझे मत कायम आहे.

एलियाहूचाप्याला : तिसऱ्यात उघड मागणे आहे. ‘स्तवन’ म्हटले की ते झाकले जाते.

सदाशिव : आणि ‘धन्यवाद’ म्हटले की चौथ्यातली मूठमाती झाकली जाते, हे मला मान्य आहे. पण काही तरी झाकल्यावाचून एका शब्दात चारही मावणार कशी?

तळटीप : तूर्त वाक्य असे केले आहे : “पाच धान्यांपैकी एखाद्याची भाकर असलेले जेवण झाल्यावर चार ब्राखा म्हणतात.” संपादकांनी ‘ब्राखा’ खाली रेघ ओढून पाठवले आहे.

रेवदंडा : त्यांना ‘बिरकत’ लिहून पाहा. आमच्याकडे चार पिढ्या तेवढ्यावर भागले आहे.

बोरूबहाद्दर : आणि वाचक ‘बरकत’ वाचतील, त्याचे काय?