मदत हवी आहे: लग्नात मेंदी गर्द दिसायची तर कोणत्या दिवशी काढावी?

खानापूरकरीण
नमस्कार मंडळी. मावसबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, रविवारी दुपारचा मुहूर्त, गावीच. शनिवारी हळद. बेळगावहून येणारी मेंदीवाली शुक्रवारी संध्याकाळ म्हणतेय, तर आत्याबाई म्हणतात शनिवारी रात्री काढा, ताजी दिसेल.
तिच्याच कोनाने एक नमुना काढून बघितला. रात्री काढली, सकाळी खरवडली, तर हात नुसता केशरी! बहीण रडकुंडीला आली. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तळहात गर्द तपकिरी झाला. मनगट विटकरी झालं, कोपराकडची वेल मात्र फिकटच राहिली. कोन एकच, मग असं का? आणि दिवस कोणता धरू?

निपाणीचा_बाळू
शनिवार नकोच ताई. आणि खरवडल्यावर दिवसभर लिंबू-साखर लावत राहायचं, लिंबानेच रंग चढतो. आमच्या घरी तसंच करतात.

शहापूर_मेंदी
बाळूदादा, लिंबाचं खरं आहे, पण ते काम भिजवतानाचं. पानातला रंग लिंबाच्या आंबटपणाने सुटतो आणि साखरेने मेंदी हाताला चिकटून ओलसर राहते. हातावर मेंदी असताना लिंबू-साखरेचा बोळा एकदोनदा हलका टिपला तर चालतो. खरवडल्यावर लिंबू चोळलं तर कातडी कोरडी पडते आणि रंग लवकर उतरतो.

खानापूरच्या ताई, तुमचा नमुना अगदी बरोबर रंगलाय. खरवडल्यावर केशरीच दिसायला हवं. मेंदीतला रंग कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात शिरतो, तिथे घट्ट बसतो आणि मग हवेने हळूहळू गडद होतो. त्याला साधारण दोन दिवस लागतात. तळहात-तळपायाचा तो थर जाड, म्हणून रंग जास्त मावतो. कोपराकडे थर पातळ, तिथे कितीही चांगला कोन वापरा, तळहातासारखं होणार नाही. म्हणून भरीव नक्षी तळहातावर घ्या आणि वर बारीक वेल ठेवा.

आता दिवस. शुक्रवारी संध्याकाळी काढली तर शनिवारी सकाळी खरवडणार, म्हणजे मुहूर्ताला जेमतेम सव्वा दिवस होतो, त्यात आपल्याकडची थंडी. गार हातावर रंग सावकाश चढतो. गुरुवारी संध्याकाळी काढा, शुक्रवारी सकाळी खरवडा, रविवारी ऐन रंगात येईल. शनिवारी रात्री काढली तर मांडवात नवरी केशरी हाताने उभी राहील.

अथणीची_माई
माझे पांढरे केस मेंदीने केशरीच होतात, दोन दिवसांनी तेही गर्द होतात का गं?

शहापूर_मेंदी
माई, थोडे गडद होतात, पण पांढऱ्या केसांवर लालसरपणा राहतोच. काळपट हवे असतील तर निळीच्या पानांची पूड लागते, कपड्यांची नीळ नव्हे. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते.

चिकोडी_वहिनी
बाजारात दहा मिनिटांत काळी होणारी मेंदी मिळते, ती आणायची की. फक्त माझ्या जावेच्या हाताला त्याने फोड आले होते, अजून डाग आहेत.

शहापूर_मेंदी
वहिनी, मग तर ती मुळीच नको. मेंदीच्या पानातून काळा रंग येत नाही. तशा कोनात बहुधा केस काळे करायचं रसायन असतं, त्यानेच फोड येतात. एकदा त्रास झालेल्या माणसाने पुढे केसांचा काळा डायही लावायचा नाही.
कोन ताजा आहे का ते असं बघा: तळहातावर थेंबभर ठेवून पाच मिनिटांनी पुसायचा. केशरी ठसा उमटला तर कोन कामाचा. घरी भिजवलेली मेंदी थंडीत उशिरा सुटते, म्हणून हा ठसा दिसल्यावरच कोन भरा. उरलेला कोन बाहेर ठेवू नका, फ्रीजरमध्ये ठेवा.

निपाणीचा_बाळू
आणि लवंगेचा धूर? तव्यावर लवंगा टाकून हात शेकतात ते?

शहापूर_मेंदी
माझ्या मते गुण उबेचा आहे. आमच्या आई लवंगेचाच म्हणतात, त्यावरून आमचं कधी जमलं नाही. मंद आचेवर, हात लांब धरून करा, म्हणजे झालं.

खानापूरकरीण
खूप आभार. पण मेंदीवालीला गुरुवारी दुसरीकडे काम आहे, शुक्रवारी सकाळी येऊ शकते. चालेल का? आणि शनिवारी हळदीने रंग जाईल का?

शहापूर_मेंदी
चालेल. सकाळी दहाला काढून झाली तर निदान सहासात तास ठेवा, संध्याकाळी खरवडा. पाण्याने धुऊ नका, बोथट सुरीने काढून खोबरेल चोळा. त्या रात्री हात कोरडे आणि पांघरुणात ठेवा.
हळदीने रंग जात नाही, हळद उतरवताना साबण आणि घासणं यांनी जातो. आधी हातांना तेल लावा आणि हळद लावणाऱ्या बायकांना सांगा, तळहात चोळू नका.

चिकोडी_वहिनी
आमच्याकडे हळद तळहातालाही भरपूर लावतात, ते कोण ऐकणार?

खानापूरकरीण
आत्याबाईंनाच तिच्या शेजारी बसवते, त्या कुणाला हात लावू देणार नाहीत. मेंदीवालीला शुक्रवारी सकाळी नऊला यायला सांगितलंय.