शब्दचर्चा : ‘शॉर्टवर्किंग’ची वसुली की वळती?

अनुवादक : खाणपट्ट्याच्या एका खासगी करारनाम्याचे भाषांतर करताना अडले आहे. उत्पादनावरची रॉयल्टी किमान भाड्यापेक्षा कमी झाली, तरी पट्टेदाराला किमान भाडे द्यावेच लागते, आणि फरकाची रक्कम, म्हणजे ‘शॉर्टवर्किंग’, त्याला ‘पुढील दोन वर्षांत’ मिळवता येते. येथे ‘तुटीची वसुली’ म्हटलेले चालेल का?

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी : चालेल. तूट साठत जाते आणि रॉयल्टी वाढली की सगळी वजा होते.

निवृत्त लेखापाल : ‘वसुली’ म्हटले की जमीनमालक पैसे परत देणार असे वाटते, तसे होत नाही, म्हणून मी ‘वळती’ लिहीन. शिवाय ‘सगळी वजा होते’ हेही पुरते खरे नाही. समजा, किमान भाडे वर्षाला 1,20,000 रुपये आणि रॉयल्टी टनाला 20 रुपये आहे. पहिल्या वर्षी 4,000 टन निघाले, रॉयल्टी 80,000 झाली, तरी 1,20,000 द्यावे लागले, तूट 40,000. दुसऱ्या वर्षी 5,000 टनांमुळे तूट 20,000. तिसऱ्या वर्षी 7,500 टन निघून रॉयल्टी 1,50,000 झाली, म्हणजे किमान भाड्याच्या वर फक्त 30,000 उरले आणि तेवढेच वळते होतील. मालकाच्या हाती 1,20,000 पडलेच पाहिजेत.

विद्यार्थी : मग उरलेले 30,000 चौथ्या वर्षी?

लेखापाल : त्यातले 20,000च. पहिल्या वर्षाच्या तुटीची मुदत तिसऱ्या वर्षाअखेर संपली, त्यामुळे तिचे उरलेले 10,000 त्याच वर्षी नफातोटा खात्याला नावे पडतात. चौथ्या वर्षी 8,000 टनांची रॉयल्टी 1,60,000 झाली, तर दुसऱ्या वर्षाचे 20,000 वळते करून 1,40,000 द्यायचे. मात्र करारनाम्यात ‘पट्ट्याच्या पहिल्या तीन वर्षांत’ असे असते, तर तिसऱ्या वर्षाअखेर पूर्ण 30,000 बुडाले असते. भाषांतरात मुदत कोठून मोजायची, हे निसटू देऊ नका.

खाणपट्टेदार : आमचा लोहखनिजाचा सरकारी पट्टा आहे. दोन वर्षे काम बंद असताना डेड रेंट, म्हणजे पट्ट्याचे किमान भाडे, भरले. तेही असेच वळते करता येईल का?

लेखापाल : तो प्रश्न वेगळा आहे. 1957 च्या खाण व खनिज कायद्याच्या कलम 9अ नुसार रॉयल्टी किंवा डेड रेंट यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती द्यायची असते. मागच्या वर्षाची तूट पुढे नेण्याची तरतूद त्या कलमात नाही. वळतीचा हक्क येतो तो करारातून.

अनुवादक : ‘वळती’ घेते. पण तोवर ही तूट ताळेबंदात येणे म्हणून दाखवायची ना?

लेखापाल : पुढे उत्पादन वाढेल याची वाजवी खात्री असेल तर दाखवावी, खडकच निकृष्ट लागला असेल, तर मी ती त्याच वर्षी खर्ची टाकीन.

विद्यार्थी : आमचे प्राध्यापक मुदत संपेपर्यंत ती येण्यातच ठेवायला सांगतात.

लेखापाल : परीक्षेच्या उदाहरणात पुढच्या वर्षांचे उत्पादन दिलेलेच असते, त्यामुळे तिथे ते ठीक आहे. प्रत्यक्ष खाणीत खात्री किती असली म्हणजे पुरे, यावर लेखापरीक्षकांशी माझे अनेकदा मतभेद झाले आहेत.