शब्दचर्चा : काळजी, धास्ती, कुशंका आणि 'मन चिंती ते वैरी न चिंती'

मृणाल (पुणे) :
महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी मी एक पानी टिपण लिहीत आहे. मूल ठरलेल्या वेळेला घरी आले नाही, किंवा नवे लायसन्स हातात पडल्यावर पहिल्यांदाच एकटे गाडी घेऊन बाहेर पडले, की घरी बसलेल्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर जे काही उभे राहते, त्याला नेमका शब्द हवा आहे. पालक स्वतः 'काळजी वाटते' एवढेच म्हणतात, परंतु काळजीत सगळेच येते. 'धास्ती', 'घोर' आणि 'कुशंका' यांपैकी कोणता शब्द चपखल बसेल? आणि 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण मथळ्यासाठी वापरावी का?

विश्वास (नाशिक) :
'काळजी' हा शब्द एकटा फारसे बोलत नाही. त्याच्या मागून येणारे क्रियापद बोलते. काळजी वाटते किंवा लागते तेव्हा माणूस बसल्या जागी असतो. काळजी घेतो तेव्हा त्याचे हात हलतात, म्हणजे हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसला आहे का आणि मागच्या चाकात हवा आहे का, हे तो पाहतो. गंमत अशी की धास्तीही 'घेतली' जाते, पण 'त्याने धास्तीच घेतली' म्हटले की हात हलायचे थांबलेले असतात. घोर लांब मुदतीचा असतो. कर्जाचा घोर लागतो, मुलीच्या लग्नाचा लागत असे, पण क्लासहून यायला पाऊण तास उशीर झाला म्हणून कोणी 'घोर' म्हणत नाही. कुशंका मात्र न बोलावता येतात आणि बहुधा एकट्या येत नाहीत. माझे मत कुशंकेला आहे. फक्त कुशंका हा विचार झाला, चित्र नव्हे. चित्रासाठी आपण बोलताना 'डोळ्यांसमोर नाही नाही ते उभे राहते' असे म्हणतो, आणि त्या 'नाही नाही ते'मध्ये नाव न घेण्याचा जो संकोच आहे, तो दुसऱ्या कोणत्याही शब्दात येणार नाही.

अनिल (सांगली) :
आमच्याकडेही नेमके हेच चालू आहे. मुलगा सतरा वर्षांचा आहे, दीडशे सीसीची गाडी उत्तम चालवतो, आणि त्याची आई उगाच घाबरते. तिच्या या स्वभावाला कोणता शब्द वापरावा, म्हणजे तिला राग न येता समजेल?

विश्वास :
अनिलराव, या उदाहरणाला कुशंका म्हणता येणार नाही, कारण वहिनींची शंका रास्त आहे. गिअरच्या गाडीला अठरा वर्षे पूर्ण लागतात. सोळा ते अठरामध्ये बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीलाच परवाना मिळतो. शिवाय मोटार वाहन कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शब्द तुमच्यासाठी शोधावा लागेल.

प्रसाद (ठाणे) :
शब्द कोणताही घ्या, पण पालकांना एवढे नक्की सांगा की असले अभद्र विचार मनात आणूच नयेत. आमची आजी तिन्हीसांजेला कोणी वाईट बोलले की 'वास्तू तथास्तु म्हणते' असे सांगून गप्प करत असे. विचार आला की तो तत्काळ झटकून टाकावा आणि त्याच्या जागी चांगला विचार ठेवावा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

शर्वरी (पुणे) :
मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे आणि अशा पालकांबरोबर काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. प्रसाद यांचे अर्धे बरोबर आहे. तोच वाईट प्रसंग तासभर घोळवत बसल्याने मन शांत होत नाही, हे खरेच आहे. परंतु झटकल्यानेही तो जात नाही. डॅनियल वेग्नर यांनी 1987 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले आणि विचार आल्यास घंटी वाजवायला लावली, तर घंटी वाजतच राहिली. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी दाबून धरणाऱ्यांना ते अस्वल अधिकच आठवू लागले. शिवाय 'वास्तू तथास्तु म्हणते' यामुळे पालकावर दुसरे ओझे येते. मुलाला यायला उशीर झाला आहे ही एक भीती, आणि आपण तसे मनात आणले म्हणून ते घडेल ही दुसरी.

एका आईचे उदाहरण देते. ओळखीचे तपशील बदलले आहेत. मुलगा एकोणीस वर्षांचा, सिंहगड रस्त्यावरून दुचाकीने क्लासला जातो आणि साडेआठपर्यंत परततो. नऊ वाजून गेले आणि फोन लागला नाही, की आईच्या डोळ्यांसमोर दर वेळी तेच यायचे. तिला मी 'नाही नाही ते' म्हणजे नेमके काय, हे एका वाक्यात लिहायला सांगितले. पहिल्यांदा तिने नकार दिला, मग लिहिले : 'रस्त्याच्या कडेला गाडी आडवी पडली आहे, चाक अजून फिरते आहे आणि बाजूला एकच बूट आहे.' मी विचारले, रस्त्यावर आणखी कोण दिसते? ती थबकली आणि म्हणाली, कोणीच नाही. रात्री नऊ वाजता सिंहगड रस्ता रिकामा पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. हे चित्र भयंकर क्षणावर थिजलेले होते आणि त्यात माणसे नव्हती. मग तिने ते पुढे चालू दिले : कोणी तरी गाडी थांबवते, कोणी 108 ला फोन करते, खिशातल्या मोबाइलवरून घरी कळवले जाते, रुग्णालय, प्लास्टर, चुकलेली परीक्षा. हे सुखाचे नाही, परंतु यात माणसाला काही करता येते, आणि चित्र एकदा पुढे सरकू लागले की त्याची पकड सैल होते.

दुसरे काम म्हणजे रुपया वाटणे. उशिराची आणि फोन न लागण्याची जेवढी कारणे सुचतील तेवढी लिहायची आणि शंभर पैसे त्यांच्यात वाटायचे. अट एवढीच, की सर्वांत वाईट कारणाला शेवटी उरलेले मिळायचे. त्या आईने टपरीवर गप्पा मारत थांबण्याला चाळीस दिले, क्लास लांबण्याला पंचवीस, वाहतूक कोंडीला वीस, पंक्चर किंवा पेट्रोल संपण्याला दहा आणि किरकोळ घसरण्याला चार. मोठ्या अपघातासाठी एक पैसा उरला. तोही अंदाजच आहे, आणि माझ्या मते खूप जास्त आहे. पण रात्री नऊ वाजता ती अख्खा रुपया तिथेच लावत होती. हे सर्व दुपारी, मूल घरात असताना करायचे. धडधड सुरू झाल्यावर कागद हातात घेतला, तर शाई वाळायच्या आत सगळा रुपया अपघाताकडे जातो.

सुलभा (चिपळूण) :
हे वाचून मी अस्वस्थ झाले. माझा धाकटा भाऊ महामार्गावर दुचाकीवरूनच गेला. आता मुलगी स्कूटर काढते तेव्हा मला जे दिसते ते मी कल्पिलेले नाही, पाहिलेले आहे. रुपया वाटताना माझा हात चालणार नाही.

शर्वरी :
सुलभाताई, तुमच्या बाबतीत हा शब्द आणि ही पद्धत दोन्ही लागू नाहीत. तुम्हाला दिसते ती आठवण आहे. ती प्रसंगासकट परत येत असेल, झोप मोडत असेल किंवा मुलीला अडवावे लागत असेल, तर तिच्यावर तज्ज्ञाबरोबर बसून काम करावे लागते, एकटीने कागदावर नव्हे. जवळपास कोणी नसेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. मृणाल, टिपणात ही मर्यादा कृपया ठळक लिहा.

ओंकार (पुणे) :
मी या चर्चेतला बहुधा एकमेव एकोणीस वर्षांचा आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. गाडीवर असताना खिशात फोन वाजू लागला आणि मी उचलला नाही, की तो पुन्हा वाजतो. घरचे आहेत हे कळत असते, त्यामुळे लक्ष रस्त्यावरून उडते. काही मित्र हेल्मेटच्या आत फोन खुपसून बोलतात. घरच्यांना ज्याची भीती वाटते ते त्यांच्या फोनमुळेच व्हायचे.

शर्वरी :
ओंकारचे म्हणणे टिपणात जसेच्या तसे घ्यावे. पुनःपुन्हा फोन करण्यात आणखी एक मेख आहे : मुलाचा आवाज ऐकला की लगेच हायसे वाटते, म्हणून पुढच्या खेपेला फोन करण्याची घाई आणखी लवकर सुटते, आणि न विचारताही तो परत येतो हे मनाला शिकायलाच मिळत नाही. त्या घरी असे ठरले की मुलाने निघताना आणि पोहोचल्यावर एक शब्द पाठवायचा, वाटेत त्याला कोणी फोन करायचा नाही, ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तास काहीही करायचे नाही. त्यानंतर एक संदेश, मग बरोबरच्या मित्राला फोन, मग क्लासला, आणि कुठूनच पत्ता लागला नाही तर वडिलांनी त्या रस्त्याने जायचे व 112 ला कळवायचे. पहिले काही दिवस तो पाऊण तास आईला फार जड गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. पावसाळी रात्री घाटातून येणाऱ्या मुलासाठी पाऊण तास योग्य आहे का, हे मात्र प्रत्येक घराने वेगळे ठरवावे.

मृणाल :
म्हणजे मजकुरात 'कुशंका' आणि चित्रासाठी 'नाही नाही ते', हे नक्की झाले. म्हणीचे काय?

विश्वास :
म्हण अवश्य घ्यावी. ती मनाला बोल लावते, माणसाला नाही; वैरी आणि मन यांची तुलना करून ती मनाची खोड दाखवते.

शर्वरी :
मला ती मथळ्यात नको आहे. 'चिंतणे' म्हणजे विचार करणे आणि इच्छिणे दोन्ही. आपण शुभ चिंततो, अभीष्टचिंतन करतो. घाबरलेली आई ही म्हण 'वैऱ्यानेही इच्छिले नसते ते मी इच्छिते आहे' अशी वाचते, आणि मग ती चित्र कागदावर उतरवायला तयार होत नाही.

विश्वास :
असे वाचणारे थोडे असतील. शंभरातल्या नव्वदांना ही म्हण ऐकून हसू येते, आणि हसू आले की निम्मी धास्ती उतरते.

प्रसाद :
आजी 'वास्तू तथास्तु म्हणते' म्हणायची, आणि आम्ही सुखरूप घरी आलो की 'मन चिंती' असे म्हणून स्वतःलाच हसायची. दोन्ही तिच्याच तोंडची वाक्ये आहेत, मात्र दुसरे ती मूल घरात आल्यावर म्हणत असे.

मृणाल :
मग मथळा साधाच ठेवते, 'मूल घरी यायला उशीर झाला तर', आणि म्हण शेवटी, रुपया वाटण्याच्या रकान्यांखाली छापते. विश्वासराव आणि शर्वरीताई यांच्यात कोण बरोबर आहे, ते मी पुढच्या पालकसभेत विचारून पाहीन. ओंकार, निघताना पाठवायचा एक शब्द तुम्ही मुले कोणता वापरता?

ओंकार :
'निघालो.' पोहोचल्यावर मात्र बहुतेक जण विसरतात, कारण तोवर दारात आई उभी असते.