मदत हवी आहे: सीझन संपताना रेनकोटच्या सेलची पोस्ट कशी लिहू?

नमस्कार मंडळी, साताऱ्यात आमचं छत्री-रेनकोटचं दुकान आहे, आता नवरात्र आलं आणि गिऱ्हाईक थंडावलं. छत्र्यांचं टेन्शन नाही, कोरड्या ठेवल्या की पुढच्या जूनला त्याच भावात जातात, पण पीव्हीसीचे रेनकोट घडीत राहिले की उन्हाळ्यात चिकटतात, घडीवर पांढरे पट्टे पडतात, म्हणून ते काढायचेच आहेत.

भाऊ म्हणतो लाल अक्षरात ‘५०% सूट, स्टॉक खाली करणे’ टाक. मला ते पटत नाही, कारण जूनमध्ये ज्यांनी १२०० ला घेतला तेच स्टेटस बघणार, आणि पुढच्या वर्षी लोक सेलची वाट बघत बसणार. त्यामुळे सरसकट सूट न देता फक्त उरलेले साईज, म्हणजे एस आणि डबल एक्सेल, ८५० ला काढायचे, भाव का कमी केला ते पोस्टमध्येच सांगायचं आणि दसऱ्याला बंद करायचं असं डोक्यात आहे.

मी लिहिलंय: ‘या रंगातले शेवटचे काही साईज, माल यंदाचाच, ८५० रु., दसऱ्यापर्यंत.’ हे फारच थंड वाटतंय का? आणि आधी फक्त जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवून मग इन्स्टावर टाकू का, कपडे-चपलांच्या दुकानवाल्यांनी कसं केलंय सांगा ना.