‘हॅड’ने सुरू होणारं वाक्य आणि त्यातला ‘टुडे’

तापीकाठ: रावेरला बारावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. सरावात गाळलेली जागा होती: ‘हॅड द विंड नॉट फ्लॅटन्ड द बनाना प्लांट्स लास्ट वीक, द फार्मर ___ देम टुडे.’ क्रियापद ‘हार्वेस्ट’. छापील उत्तर ‘वुड बी हार्वेस्टिंग’. एक पालक म्हणतात, ‘वुड हॅव हार्वेस्टेड’ हवं. मुलांना कसं समजावू?

चोपडेकर: पालकांचं बरोबर आहे. हॅड आणि तिसरं रूप दिसलं की पुढे वुड हॅव. आम्ही हेच पाठ केलं, मार्कही मिळाले.

जुना मास्तर, धुळे: ती जोडी दोन्ही गोष्टी होऊन गेलेल्या असतील तेव्हाची. इथे बाग आडवी झाली गेल्या आठवड्यात, पण कापणी आजची. मुलांना दोन्ही तुकड्यांना वेगवेगळं ‘केव्हा?’ विचारायला लावा. मराठीतही फरक ऐकू येतो: ‘वारा सुटला नसता तर आज कापणी चालू असती’ आणि ‘...कापणी झाली असती’.

तरी पालकांना चूक ठरवू नका. हेच वाक्य कोणी रात्री बोललं, तर आजची कापणी उरकलेली असती, म्हणजे ‘वुड हॅव हार्वेस्टेड’ही चालतं. ‘टुडे’ दोन्हीकडे झुकतो. एकच उत्तर हवं असेल तर तिथे ‘अ‍ॅट धिस मोमेंट’ घाला.

भुसावळ_पॅसेंजर: पण हॅडने सुरू झालं म्हणजे प्रश्न ना? प्रश्नचिन्ह कुठाय? मी बँकेच्या परीक्षेत असलं वाक्य प्रश्न समजून सोडूनच दिलं होतं.

जुना मास्तर, धुळे: प्रश्न नाही. ‘इफ’ काढला म्हणून हॅड कर्त्याच्या आधी आला. अशी उलटापालट हॅड, वेअर आणि शुड या तिघांचीच. नकार असेल तर ‘नॉट’ कर्त्यानंतर सुटा राहतो. ‘हॅडन्ट द विंड’ असा पर्याय दिसला की तो खोडा. शुड आला तर गोष्ट पुढची असते, ‘शुड द विंड रिटर्न’ म्हणजे वारा पुन्हा आलाच तर, आणि मग पुढे सहसा विल किंवा सरळ आज्ञा.

चोपडेकर: एवढा विचार करायला पेपरात वेळ कुठे असतो? दहापैकी आठ वेळा माझीच जोडी लागते.

तापीकाठ: मग राहिलेल्या दोनांसाठीच तर विचारतेय, भाऊ.

अमळनेरकर: मूळ गोंधळ ‘कंडिशनल’ या शब्दाने होतो. आपल्या व्याकरणात ‘संकेतार्थ’ आहे, तो शिकवा.

भुसावळ_पॅसेंजर: संकेत म्हणजे इशारा. पोरं अजून गोंधळतील.

अमळनेरकर: संकेत म्हणजे अटही. ‘पाऊस पडला असता तर’ हे वाक्य संकेतार्थाखालीच शिकलो आपण.

चोपडेकर: आमच्याकडे सगळे कंडिशनलच म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं.

अमळनेरकर: कळतं म्हणून आपला शब्द टाकून द्यायचा का?